मदत हवी आहे: समीक्षणास नकार देताना पर्यायी समीक्षक कसे सुचवावेत?

निरंजना:
नमस्कार. एका जर्नलकडून समीक्षणाची विचारणा आली आहे. गोषवाऱ्यावरून निबंध उपग्रहाच्या रडार प्रतिमांवरून मातीतील ओलाव्याचा अंदाज बांधण्याविषयी असून त्यातले गणित बेझियन पद्धतीचे दिसते. विषय माझ्या अभ्यासाचा आहे. परंतु मुदत तीन आठवड्यांची आहे आणि त्याच काळात दोन प्रबंध तपासून द्यायचे असल्यामुळे मी या कामाला न्याय देऊ शकणार नाही. पर्यायी नावे कशी निवडावीत आणि त्या व्यक्तींना आधी विचारावे का, हे कृपया सांगावे.

मंदार:
आधी विचारलेले बरे, नाहीतर संपादकांच्या पदरी पुन्हा नकारच पडतो. मी ओळखीच्या अभ्यासकाला गोषवारा पाठवतो आणि त्याचा होकार आल्यावरच नाव कळवतो.

जुना संपादक:
मंदार यांचा हेतू रास्त आहे, पण गोषवारा पाठवू नये. विचारणेच्या पत्रातला मजकूरही गोपनीय असतो. फार तर, येत्या महिन्यात समीक्षणाला वेळ आहे का, एवढेच मोघम विचारावे.

निरंजनाताई, नकार आजच कळवा, कारण उत्तराची वाट पाहण्यात गेलेला आठवडा लेखकांच्या वाट्यातून जातो. नकार नोंदवल्यावर बहुतेक प्रणालींत नावे सुचवण्यासाठी चौकट येते. नुसत्या नावाने संपादकाचे काम भागत नाही. ती व्यक्ती निबंधाचा कोणता भाग तपासू शकेल, हे त्याला हवे असते. तुमच्या बाबतीत असे लिहिता येईल:

"वेळेअभावी समीक्षण स्वीकारता येत नाही, क्षमस्व. पहिल्या व्यक्तीने रडार संकेतावर पिकांच्या आच्छादनाचा होणारा परिणाम अभ्यासला आहे. दुसरी व्यक्ती बेझियन प्रतिमानांची पडताळणी करते. मृदाशास्त्र हा तिचा विषय नाही, म्हणून दोघांची मते एकत्र घ्यावीत."

नावे देण्यापूर्वी ती लेखकांच्या यादीशी ताडून पाहा: अलीकडचे सहलेखक, एकाच संस्थेतले सहकारी आणि मार्गदर्शक वगळा. ई-मेल पत्ता संस्थेच्या संकेतस्थळावरूनच घ्या. 2015 मध्ये स्प्रिंगरने 64 निबंध मागे घेतले, ते समीक्षकांच्या नावे दिलेल्या खोट्या पत्त्यांमुळेच.

त्रिज्या:
मी समीक्षण स्वीकारले आहे, अर्धा निबंध वाचून झाला आहे आणि आता वेळच उरलेला नाही. मीही अशीच नावे देऊन मोकळी होऊ का?

जुना संपादक:
तुमची गोष्ट वेगळी आहे. आधी मुदतवाढ मागा, बहुधा मिळते. ती पुरणार नसेल तर तसे लगेच कळवा आणि काम परस्पर कोणाकडेही सोपवू नका.

निरंजना:
फार उपयोग झाला, आभारी आहे. एक शंका उरते. रडारच्या भागासाठी सर्वांत योग्य व्यक्ती म्हणजे माझीच माजी विद्यार्थिनी आहे. तिने पीएच.डी. पूर्ण केली असून ती आता दुसऱ्या संस्थेत स्वतंत्रपणे संशोधन करते. तिचे नाव द्यावे का?

जुना संपादक:
अवश्य द्या आणि नाते स्पष्ट लिहा. त्या निबंधाच्या लेखकांशी तिचा संबंध नसेल तर अडचण नाही. प्रबंधातून नुकतीच बाहेर पडलेली माणसे पद्धतीचा भाग फार बारकाईने वाचतात, असा माझा अनुभव आहे.

मंदार:
मला हे पटत नाही. नाते सांगितले तरी आपल्याच माणसाला पुढे केल्यासारखे दिसते. मी तिच्यासोबत पूर्णपणे अनोळखी वर्तुळातले एक नाव तरी दिले असते.