दुःख की दुख? विसर्ग ठेवायचा कुठे आणि सोडायचा कुठे

केतकी:
एका कथासंग्रहाची मुद्रितं तपासते आहे. लेखकाने सगळीकडे 'दुख' लिहिलंय. 'अंतकरण', 'मनपूर्वक'सुद्धा. विचारलं तर म्हणाले, "आजच्या मराठीत विसर्ग उरलेला नाही, उगाच संस्कृतचं ओझं कशाला?" गंमत म्हणजे त्याच पुस्तकात दोन ठिकाणी 'डोके दुःखणे' असंही आहे! म्हणजे जिथे हवा तिथे नाही आणि जिथे नको तिथे हजर. त्यांना नेमकं काय सांगू?

नीरज:
मला लेखकाचं पटतं. आपण बोलताना विसर्ग उच्चारतो का? नाही. हिंदीत 'दुख' सर्रास चालतं, कुणाचं काही अडत नाही. आणि आपल्याकडे तर 'क्वचित्', 'अर्थात्', 'विद्वान्' यांचे मोडलेले पाय केव्हाच जोडून टाकले. तोच न्याय विसर्गाला लावायचा.

मुद्रितशोधक:
पाय जोडले ते कुणी आपल्या मनाने नाही. १९६२ साली जे चौदा नियम मान्य झाले (१९७२ साली आणखी चार आले), त्यांतच सांगितलंय की असे रूढ तत्सम शब्द मराठीप्रमाणे अकारान्त लिहावेत. विसर्ग गाळायला तशी मुभा त्या नियमांत कुठेही नाही. त्यामुळे तत्सम शब्द मुळाप्रमाणे, हेच चालत आलंय: दुःख, अंतःकरण, मनःपूर्वक, प्रातःकाल. शेवटी येणारा विसर्गही तसाच, स्वतः, वस्तुतः, क्रमशः. प्रत्यय लागला तरी तो जात नाही, स्वतःला, स्वतःहून.

उच्चाराचं म्हणाल तर एकदा मोठ्याने 'सुख-दुःख' म्हणून बघा. दोन्ही 'ख' सारखे येतात का? 'दुःख' म्हणताना आपण 'दुख्ख' असं म्हणतो, 'ख'वर जोर पडतो. 'अंतःकरण'चं 'अंतक्करण' होतं. विसर्ग ह-सारखा ऐकू येत नाही म्हणून तो नाहीच असं नव्हे, पुढच्या व्यंजनाला तो दुणावतो.

याचा पुरावा वृत्तात मिळतो. मनाच्या श्लोकांतली 'मना मानसी दुःख आणू नको रे' ही ओळ भुजंगप्रयातात आहे, लगागा चार वेळा. तोडून बघा: मनामा, नसीदुः, खआणू, नकोरे. दुसऱ्या गणातलं शेवटचं अक्षर गुरू हवं आणि विसर्गामुळे 'दुः' गुरू होतं. तिथे 'दुख' घाला, 'दु' लघू राहतो आणि ओळ लंगडते.

नीरज:
वृत्ताचं मान्य. पण कथा भुजंगप्रयातात नाही. हिंदीचं उत्तर राहिलंच.

मुद्रितशोधक:
हिंदीत 'दुख' हा तद्भव शब्द म्हणून वेगळा रुजलाय, 'सुख-दुख' असा. तिथेही तत्सम समासात, 'दुःखानुभूति'सारख्या, विसर्ग ठेवावा असंच सांगतात. आपल्या प्रमाण लेखनात 'दुख' हे स्वतंत्र नाम नाही. क्रियापदाचा धातू मात्र आहे, आणि केतकीताईंच्या 'दुःखणे'चं उत्तर त्यातच आहे.

अप्पा:
इथे एक विचारतो. माझ्याकडे दु:ख नीटच लिहिलेलं असतं, तरी फाइलमध्ये शोधलं की सापडत नाही. ओळ संपताना कधी 'दु:' वर आणि 'ख' खाली जातो. विसर्ग काढूनच टाकला तर ही कटकट संपेल, नाही का?

केतकी:
अप्पा, तुम्ही विसर्ग दिलेलाच नाही, अपूर्णविराम दिलाय. दिसायला दोन्ही दोन टिंबं, पण संगणकाला ती वेगळी अक्षरं. विसर्ग म्हणजे U+0903, अपूर्णविराम U+003A. तुमच्या शब्दावर दोनदा टिचकी मारून बघा. बहुधा फक्त 'दु' निवडला जाईल, कारण संगणकाच्या लेखी शब्द तिथेच संपला. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून हायफनची कळ दाबली की खरा विसर्ग येतो.

अप्पा:
अरेच्चा, 'दु' एवढाच निळा झाला. पण मग उलटंही होत असणार. आमच्याकडच्या एका पत्रकात 'विषयः' असं छापलं होतं आणि मी ते विषयहा वाचत बसलो.

मुद्रितशोधक:
होय, तेही रोज दिसतं.

आता 'दुखणे'. संस्कृतातल्या 'दुःख'चं प्राकृतात 'दुक्ख' झालं आणि मराठीत येईपर्यंत त्या जोडाक्षराचा साधा 'ख' झाला. त्या धातूपासून मराठीने जे घडवलं त्यात विसर्ग नाही: दुखणे, दुखरा, दुखणं, दुखावणे, दुखवटा, दुखापत. उलट दुःखी, दुःखद, दुःखित, दुःखान्त हे संस्कृत घडणीचे, त्यांत विसर्ग आहे. म्हणून 'डोकं दुखतं', 'मन दुखावलं', पण 'मनाला दुःख झालं'.

केतकी:
मग 'दुःखाने', 'दुःखाचा' यांना मराठी प्रत्यय लागलेत, तिथे का राहतो?

मुद्रितशोधक:
कारण तिथे नवा शब्द तयार झाला नाही. 'दुःख' हेच नाम वाक्यात चाललंय. 'दुखरा' हा मात्र मराठीने घडवलेला वेगळा शब्द आहे.

सुमेधा:
संस्कृत शिकवते म्हणून मध्ये पडते. सगळेच विसर्ग सारखे अडून बसत नाहीत. 'मनःस्थिती'ला 'मनस्थिती' लिहिलं की लोक लगेच चूक काढतात. पण विसर्गापुढे 'स' आणि त्याला लागून कठोर व्यंजन असेल, तर विसर्ग गाळायची सोय संस्कृतातच आहे. 'निःस्पृह'चं 'निस्पृह' होतं ते त्यामुळेच. 'मनःशांती'त मात्र 'श'पुढे असं व्यंजन नाही. तिथे 'मनश्शांती' हा पर्याय आहे, 'मनशांती' नाही. 'मनोकामना'ही तशीच. 'क' कठोर आहे, त्यामुळे 'मनोरंजन'सारखा 'ओ' होणार नाही, मनःकामनाच.

नीरज:
पण 'मन' हा आता मराठी शब्द आहे. आपण 'मनस्' म्हणत नाही. मनमोकळा, मनमिळाऊ चालतात, तर 'मनशांती' हा मराठी समास का मानायचा नाही?

मुद्रितशोधक:
मोकळा, मिळाऊ हे मराठी शब्द आहेत. शांती तत्सम आहे.

नीरज:
म्हणजे मराठी शब्दाने तत्समाशी समास करायचाच नाही? असा नियम कुठला?

सुमेधा:
नियम नाही. नीरजचा मुद्दा अगदी टाकाऊही नाही. मी स्वतः 'मनःशांती'च लिहीन, पण 'मनशांती' तो म्हणतो त्या वाटेनेच रूढ होते आहे, हे दिसतंय.

केतकी:
मी 'दुःख', 'अंतःकरण', 'मनःपूर्वक' दुरुस्त करते. 'मनस्थिती' लेखकाने सगळीकडे तशीच लिहिलीय, ती राहू देते. 'मनशांती' एकदाच आलीय, ती लेखकालाच विचारते. आणि 'दुःखणे' कुठून आलं तेही कळलं. आधी कुणीतरी 'दुख' शोधून सरसकट 'दुःख' करायला घेतलं असावं आणि अर्ध्यात सोडलं. पुढच्या प्रकरणात 'पायाला दुःखापत' सापडली. आता एकेक जागा बघूनच बदलते आहे.