केसांवरचा पेस्टल निळा रंग हिरवा का होतो?

> "लेव्हल ९ पर्यंत ब्लीच झालंय. निळ्या रंगात कंडिशनर जास्त घातला की फिकट आकाशी येईल ना?"

नाही येणार, उलट हिरवट होईल. लेव्हल ९ म्हणजे केस अजून पिवळे असतात. गडद निळा तो पिवळेपणा झाकून टाकतो, पण कंडिशनरने पातळ केलेल्या रंगात तेवढी ताकद उरत नाही. माझ्या बहिणीच्या केसांवर मी एक चमचा निळा आणि दहा चमचे कंडिशनर असं मिश्रण लावलं होतं. वाडग्यात सुंदर आकाशी दिसत होतं, धुतल्यावर पुदिन्याचा रंग निघाला. आकाशीसाठी लेव्हल १०च हवी, म्हणजे केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतका फिकट पिवळा. लॅव्हेंडरलाही तीच हवी, नाहीतर तो राखाडी-मळकट होतो. तुमचे केस आणखी ब्लीच सोसणार नसतील तर पीच किंवा गुलाबी घ्या. गुलाबीत पिवळा मिसळला की पीच होतो, आणि तो छानच दिसतो.

कंडिशनर मात्र पांढराशुभ्र घ्या, आणि डेव्हलपर अजिबात घालू नका, या सेमी-परमनंट रंगांना तो लागत नाही. मिश्रण वाडग्यात जेवढं गडद दिसतं, साधारण तेवढाच रंग केसांवर येतो, म्हणून आधी मानेजवळची एक बट रंगवून, धुऊन, पूर्ण वाळवून बघा. ओल्या केसांवर रंग गडद भासतो. टोकं जास्त ब्लीच झालेली असतात आणि रंग अधाशासारखा ओढतात, त्यामुळे तिथे सगळ्यात शेवटी लावा.