मदत हवी आहे: ऑपरेशननंतर 12 गुण वाढले, ही खरी सुधारणा धरावी का?

नमस्कार. सांगलीतला रुग्ण, अपस्माराचं डाव्या टेम्पोरल लोबचं ऑपरेशन. 15 शब्दांची यादी पाच वेळा वाचून आठवायला लावणाऱ्या चाचणीत आधी 34, आठ महिन्यांनी 46 गुण (75 पैकी). औषधं तीच, झटके बंद, तपासणारी व्यक्तीही तीच. आमच्याकडे मराठीत पर्यायी यादी नसल्याने तीच यादी पुन्हा वापरावी लागली, आणि खरी अडचण इथेच आहे.

तुलनेला ऑपरेशन न झालेले आमचे 18 रुग्ण आहेत. त्यांचं प्रमाण विचलन 9, पुनर्चाचणी विश्वसनीयता 0.75, सरावाने सरासरी वाढ 4. फरकाची प्रमाण त्रुटी अशी काढली:

```
9 × √(2 × (1 − 0.75)) = 6.36
12 / 6.36 = 1.89
(12 − 4) / 6.36 = 1.26
```

90 टक्क्यांची मर्यादा 1.645. म्हणजे सराव वजा केला नाही तर सुधारणा, केला तर नाही! घरचे मात्र सांगतात, आता बाजारची यादी न लिहिता लक्षात राहते.

पण त्या 18 जणांची दुसरी चाचणी महिन्याभरातच झाली होती. आठ महिन्यांत सरावाचा परिणाम ओसरतो, त्यामुळे 4 वजा करणं जास्त होतंय असं वाटतं. नवा गट जमवणं सध्या शक्य नाही.

अशा वेळी तुम्ही 4 तसेच ठेवता की कमी करता, आणि कमी केलेत तर किती, कशाच्या आधारावर?