तीनचा गजर तीन रात्री तरी लावा

«वडिलांना रात्री घाम फुटतो, सकाळी डोकं दुखतं, पण उपाशीपोटी शुगर 220. मग तीन वाजता उठवून तपासायचं कशाला?»

याच आकड्याने आम्हीही फसलो होतो. आमचे अण्णा परभणीजवळ शेती करतात, दोन वेळा मिक्स इन्सुलिन घेतात. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे बनियन ओलं व्हायचं, झोपेत ओरडायचे. सकाळची शुगर जास्त म्हणून रात्रीचा डोस वाढवला आणि त्रास आणखी वाढला. शेवटी तीनला बोट टोचलं तर 54! संध्याकाळी सातला घेतलेल्या मिक्समधल्या लांब चालणाऱ्या भागाचा जोर मध्यरात्रीनंतर येतो, त्यात दिवसभराची मेहनत आणि जेवायला अर्धीच भाकरी. लगेच तीन चमचे साखर पाण्यात दिली, पंधरा मिनिटांनी 88, मग थोडं दूध-भाकरी. तीन रात्रींचे आकडे पाहून डॉक्टरांनी रात्रीचा डोस कमी केला.

पण सकाळची शुगर जास्त म्हणजे रात्री ती उतरलीच असेल, असं मात्र नाही. बऱ्याचदा पहाटेच्या हार्मोन्समुळे किंवा इन्सुलिन अपुरं पडल्याने ती चढते, आणि तेव्हा उपाय उलटा असतो. तीनचा आकडा 70 च्या खाली आहे की वर, यावरूनच ते कळतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर तपासाच, विशेषतः डोस बदलल्यावर, उपवासाला किंवा जास्त कष्टाच्या दिवशी. घामाने भिजून हाक मारूनही नीट जागे होत नसतील तर तोंडात पाणी ओतू नका, थेट दवाखाना गाठा.