एकच माल अनेक मार्केटप्लेसवर विकताना बफर, म्हणजे न दाखवता राखून ठेवलेला माल, किती ठेवायचा?

> सगळ्या मालावर सरसकट १० टक्के बफर ठेवलाय, तरी ओव्हरसेलिंग होतंच.

होणारच. शिल्लक घटली की टक्केवारीचा बफरही आटतो. १०० नगांवर १०, पण ५ नगांवर अर्धा, म्हणजे शून्यच! आणि घोळ होतो तो शेवटच्या चार-पाच नगांवर. बफर सिंकच्या, म्हणजे सगळ्या मार्केटप्लेसवरची शिल्लक जुळवण्याच्या, अंतरावरून काढा. सिंक दर १५ मिनिटांनी होतो आणि गर्दीच्या तासाला सगळीकडे मिळून १२ नग खपतात असं धरा. मग दोन सिंकच्या मध्ये ३ नग जातात. एखादा सिंक अधूनमधून फसतोच, म्हणून ६ ठेवा.

शिल्लक ६ वर आली की मात्र सगळीकडे शून्य करू नका, माल अडकून पडतो. जिथे जास्त खपतो त्या एकाच चॅनेलवर ते सहाही नग दाखवा, बाकी ठिकाणी शून्य. तिथली मोजणी ते मार्केटप्लेस स्वतःच करतं, सिंकची वाट पाहावी लागत नाही.