मदत हवी आहे: मधुमेही कुत्रीची तहान पुन्हा वाढली, ऊन की साखर?

आमची राणी देशी, 12 किलोची, नसबंदी झालेली. सकाळ-संध्याकाळ सातला जेवण, ताट चाटून झालं की लगेच 5 युनिट इन्सुलिन. यू-40 इन्सुलिनला यू-40 चीच सिरिंज आहे. तहान आटोक्यात आली होती, पण नागपूरचं ऊन तापलं तशी ती पुन्हा दिवसाला दीड लिटर पाणी पितेय, रात्रीही लघवीला उठवते. पाणी तोडलेलं नाही. कुलर लावला, इन्सुलिनची नवी बाटली उघडली, फरक नाही. डोस मनाने वाढवणार नाही. डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर घरीच दर दोन तासांनी कानातून रक्त घेऊन साखर मोजायची आहे, पण थेंबच नीट येत नाही. कानाला नेमकं कुठे टोचता?