सहा वर्षांचं नातं संपवणारं पत्र: कारणं लिहावीत की नाही?

नवखा_बागाईतदार:
सहा वर्षांचं नातं थांबवतोय. दोघंही पुण्यात, दोन्ही घरी माहीत आहे. भांडण नाही, तिसरं कुणी नाही. समोर बोलायला गेलं की माझं तोंड बंद पडतं, म्हणून पत्र. माझं मत असं की खरी कारणं न लिहिण्यातच मोठेपणा आहे. कारण दिलं की दोष आलाच. मसुदा असा:

"परिस्थितीच अशी आली आहे की आपलं जमणं कठीण आहे. बाबांना आता द्राक्षबाग झेपत नाही, मला गावी जावं लागेल. तुला तिथे अडकवणं मला पटत नाही. तुझी काहीच चूक नाही, तुला माझ्यापेक्षा कितीतरी चांगला मुलगा मिळेल. ऑक्टोबरची छाटणी होऊ दे, मग शांतपणे बोलू. तू कायम माझी सगळ्यात जवळची मैत्रीण राहशील."

दुखावणारं काही वाटतंय का?

खडूस_काकू:
झोपायला निघाले होते, हे वाचून परत बसले. आयुष्यभर तुटणाऱ्या जोडप्यांशी बोलण्याचंच काम केलं, त्यामुळे असली गोडगोड पत्रं पुष्कळ पाहिली आहेत. ती घेऊन मुली यायच्या आणि विचारायच्या, "काकू, याचा अर्थ काय?" ज्या पत्राचा अर्थ दुसऱ्याला विचारावा लागतो ते दयाळू कसलं!

तुमच्या पत्रातलं कारण आहे बाग. आता तिच्या जागी बसा. जिचं सहा वर्षं प्रेम आहे ती काय करेल? तोडगा काढेल. "मी सांगलीत नोकरी बघते", "दोन वर्षं आठवड्याला ये-जा करू", "बागेला गडी ठेवू". एकेक पर्याय घेऊन ती येणार, आणि दर वेळी तुम्हाला नवं कारण शोधावं लागणार. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तुम्ही चिडणार आणि मग जे तोंडातून निघेल तो खरा दोष असेल. परिस्थितीचं कारण सौम्य दिसतं, पण परिस्थिती बदलता येते. म्हणजे ती आशाच झाली, फक्त कारणाच्या वेषात आलेली.

म्हणून एकच प्रश्न. बाग नसती आणि बाबा ठणठणीत असते, तर लग्न केलं असतंत का? इथे सांगू नका हवं तर, पण उत्तर "नाही" असेल तर बागेचं नाव पत्रातून काढा. दोष न देता कारण देता येतं. ते स्वतःबद्दल असावं लागतं आणि तिला दुरुस्त करता येणार नाही असं असावं लागतं. "तू चिडचिड करतेस" हा दोष. "मला आता हे लग्न नको आहे" हे कारण. दुसरं वाक्य जास्त लागतं हे मान्य, पण त्यावर तिला रात्रभर गणितं मांडत बसावं लागत नाही.

आणि "माझ्यापेक्षा चांगला मुलगा मिळेल" हे कुणी विचारलंय? तिचं पुढचं स्थळ बघायला तुम्ही बसलेला नाहीत.

मुक्ता_क:
काकूंना शंभरदा अनुमोदन. मला आलेल्या पत्रात "सध्या" हा शब्द होता. "सध्या मला हे झेपत नाहीये." त्या एका शब्दावर मी पुढची दिवाळी काढली, त्याच्या पुढचीही. आईने आणलेली स्थळं परत पाठवली. तो तिकडे साखरपुडा करून मोकळा, आणि मला कळलं कॉमन मैत्रिणीच्या स्टेटसवरून. त्याला विचारलं तर म्हणाला, "मी तर स्पष्ट लिहिलं होतं." हो का! तुमची छाटणी वाचून अंगावर काटा आला.

मणेराजुरीचा_बाळू:
छाटणीवरनं आठवलं. ओ भाऊ, ऑक्टोबर छाटणी झाल्यावर मन शांत होतंय म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला? छाटणी झाली की खरा जाळ तिथनं पुढं. पेस्टिंग, फूट निघणं, विरळणी, त्यात पाऊस लागला की डावणीसाठी दिवसाआड फवारा. माल उतरेपर्यंत फेब्रुवारी-मार्च. ती पोरगी ऑक्टोबरपासनं फोनकडं बघत बसणार आणि तुम्ही ब्लोअरवर. मार्चला बोलायचं म्हटलं तर लगेच एप्रिलची खरडछाटणी.

बाकी पत्राचं मला कळत नाही. पण गावी येऊन बाग करताय हे चांगलं करताय.

कायद्याचं_बोला:
सगळे भावनेत वाहवत चाललेत. भाऊ, काहीही लिहून देऊ नकोस. भारतीय न्याय संहिता, कलम ६९. लग्नाचं वचन देऊन मोडलंस तर दहा वर्षं आत. दोन्ही घरी माहीत आहे म्हणजे वचन सिद्धच. त्यात "तुझी काहीच चूक नाही" असं सहीनिशी देतोयस? फोन कर, दोन मिनिटांत संपव, नंबर ब्लॉक.

मुक्ता_क:
वा! सहा वर्षांनंतर दोन मिनिटं आणि ब्लॉक. समोरची बाई म्हणजे तुम्हाला थेट फिर्यादीच दिसते का?

कायद्याचं_बोला:
माझ्या चुलतभावाने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, मॅडम. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मुक्ता_क:
आणि ज्यांना खरंच फसवलं गेलं त्यांनी कुठल्या पायऱ्या झिजवायच्या? तुमचा चुलतभाऊ म्हणजे अख्खा महाराष्ट्र नव्हे.

सनद_२००४:
दोघंही थांबा. कलम ६९ आहे, १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि दहा वर्षांपर्यंतची शिक्षाही आहे. पण ते "वचन मोडलं" यासाठी नाही. पाळायचा हेतूच नसताना वचन देऊन शरीरसंबंध ठेवले, यासाठी आहे. हा फरक सुप्रीम कोर्टाने जुन्या कायद्याखालीही केलेला आहे, २०१९ चा महाराष्ट्रातल्याच प्रकरणावरचा निकाल आहे. वचन देतानाच ते खोटं होतं का, हे बघायचं. तेव्हा मनापासून होतं आणि नंतर मन बदललं तर ती फसवणूक होत नाही. तक्रार होणारच नाही याची हमी मात्र कुणी देऊ शकत नाही, तेवढं त्यांचं बरोबर.

गंमत अशी की काही जण उगाच कठोर दिसायचं म्हणून लिहितात, "माझा कधीच लग्नाचा विचार नव्हता." तिने मोह सोडावा म्हणून म्हणे. ते खोटं असतं, तिची मागची सगळी वर्षं नासवतं, आणि कायद्याच्या दृष्टीनेही स्वतःच्या पायावर धोंडा. "तेव्हा खरं होतं, आता नाही" असं असेल तर तेच लिहा.

कायद्याचं_बोला:
बरं, वकीलसाहेब म्हणतात तर असेल. तरी लेखी देऊ नये या मतावर मी ठाम आहे.

पेन्शनर_आबा:
पत्र रजिस्टरने, पोचपावतीसकट पाठवावे. साध्या टपालाचा भरवसा नाही.

सनद_२००४:
आबा, रजिस्टर टपाल २०२५ मध्येच स्पीड पोस्टात विलीन झालं. आणि प्रेयसीला पोचपावती? नोटीस आहे का ती?

पेन्शनर_आबा:
कळवलेसुद्धा नाही कुणी. चाळीस वर्षे त्याच खिडकीवर उभे राहिलो. आता राखीसुद्धा स्पीडनेच पाठवायची म्हणा.

नवखा_बागाईतदार:
काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: बहुतेक नाही. बाबांचं दुखणं दिवाळीनंतरचं, माझं मन त्याच्या आधीपासून उठलंय. पण हे लिहिणं म्हणजे क्रूरपणा नाही का? तिने माझ्यासाठी किती केलंय. एमपीएससी सोडली तेव्हा घरचे बोलायचे बंद झाले होते. ती रोज संध्याकाळी माझ्याबरोबर पर्वती चढायची, एकदाही सल्ला दिला नाही.

खडूस_काकू:
"बहुतेक" पत्रात नको. ते वगळून असं काही लिहा, शब्द तुमचे घाला:

"मी आपलं नातं संपवतो आहे. शनिवारी समोर सांगितलं तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

गेलं वर्षभर आपल्या लग्नाचा विचार केला की माझ्या मनात काहीच हलत नाही. आधी वाटलं कामाचा थकवा असेल. तो नव्हता. लग्नाबद्दल आपण बोललो तेव्हा ते मी मनापासून बोललो होतो. आता ती इच्छा माझ्यात उरलेली नाही. बाबांचं दुखणं आणि बाग हे याचं कारण नाही. तू गावी यायला तयार झालीस तरी माझं उत्तर हेच राहील, म्हणून तसा विचार करत बसू नकोस.

एमपीएससी सोडली तेव्हा तू रोज माझ्याबरोबर पर्वती चढलीस आणि एकदाही सल्ला दिला नाहीस. ते माझ्या लक्षात राहील.

तुला काही विचारायचं असेल तर एकदा भेटू, तू म्हणशील तिथे. त्यानंतर मी फोन किंवा मेसेज करणार नाही. तुझ्या आईंना तू सांगायचं की मी, ते तू ठरव."

निर्णय पहिल्या ओळीत आहे, कारण पानभर आठवणी वाचताना तिचा जीव टांगणीला लागायला नको. आठवण एकच घेतली. पाच घातल्या तर ते प्रेमपत्र होतं आणि ती शेवटची ओळ विसरते. मैत्रिणीचं कलम काढलं, ती मैत्री तुमच्या अपराधीपणाला हवी आहे. आणि पत्राच्या आधी समोर सांगणं आलंच. तोंड बंद पडलं तरी पहिलं वाक्य म्हणता येतं, तेवढंच पाठ करा.

डलासचे_नाना:
इतकं मोजूनमापून? आमच्या वेळी माणसं समोरासमोर रडायची आणि मोकळी व्हायची.

मुक्ता_क:
नाना, तुमच्या वेळी माणसं न सांगता अमेरिकेला जायची.

काकू, बाकी पत्र नमुनेदार आहे, पण "एकदा भेटू" मला पटलं नाही. मी त्या एका भेटीसाठी नवी साडी घेतली असती.

खडूस_काकू:
घेतली असतीस, खरं आहे. पण प्रश्न विचारायची जागाच ठेवली नाही तर ते प्रश्न ती त्याच्या बहिणीला विचारते, मित्रांना विचारते. तेही पाहिलंय मी.

मुक्ता_क:
मग प्रश्न लेखी विचारू देत, तो लेखी उत्तर देईल.

कायद्याचं_बोला:
अजून लेखी! घ्या.

नवखा_बागाईतदार:
पहिलं वाक्य पाठ करतोय. भेटीचं अजून ठरत नाहीये. आणखी एक, फ्लॅटचा करार दोघांच्या नावावर आहे, डिपॉझिट निम्मंनिम्मं. ते पत्रातच लिहू का?

सनद_२००४:
अजिबात नाही. वेगळ्या कागदावर, आठवड्याभराने. करारात नोटिशीचा काळ किती आहे ते आधी बघा, आणि तुम्ही घर सोडणार असाल तर त्या काळातलं तुमचं भाडं तुम्हीच भरा. तिला राहायचं असेल तर मालकाकडून एकटीच्या नावाने नवा करार करून घ्यावा लागेल, तोही नोंदणी केलेला.

मणेराजुरीचा_बाळू:
आणि शनिवारीच सांगा. औंदा-पुढल्या छाटणीवर ढकलू नका.